पहिली दहा मिनिटं: आठवड्याच्या उजळणीची घडी कशी बसवायची

उजळणीचा तास म्हणून आपण बहुतेक जण जे करतो ते असं: धडा पुन्हा एकदा समजावून सांगायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला लावायच्या, दोन गणितं फळ्यावर सोडवून दाखवायची. मुलं माना डोलावतात, कारण सगळं ओळखीचं वाटत असतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटल्यावर स्वतःहून आठवणं वेगळं. परीक्षेत दुसरंच लागतं.

हा फरक केवढा असू शकतो हे रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

शिक्षकाने यातला पहिला आकडाही लक्षात ठेवायला हवा. चांगली उजळणी त्या दिवशी वाईट दिसते. मुलं अडखळतात, वर्ग शांत होतो, उत्तरं चुकतात, आणि आपल्याला वाटतं की हे काही जमत नाहीये. पुढे दिलेली आखणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुंडाळून ठेवली जाते ती बहुधा याच कारणाने.

आखणी एका विषयासाठी, आठवड्याला चार तास धरून केली आहे. वेगळा उजळणीचा तास लागत नाही. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं लागतात, आणि एक वही.

प्रश्नवही

ही वही शिक्षकाची, मुलांची नव्हे. आठवडा संपला की त्या आठवड्यात शिकवलेल्यातले पाच प्रश्न तिच्यात लिहायचे. प्रत्येक प्रश्नापुढे तो भाग कोणत्या आठवड्यात शिकवला ते लिहायचं आणि चार रिकामे चौकोन आखायचे. प्रश्न जेव्हा जेव्हा विचारला जाईल, तेव्हा किती मुलांचं उत्तर बरोबर आलं तो आकडा एकेका चौकोनात जाईल.

पाचच प्रश्न म्हटल्यावर पहिली प्रतिक्रिया असते की एवढ्यात काय होणार. मीही सुरुवातीला दर तासाला तीन, म्हणजे आठवड्याला बारा प्रश्न लिहीत असे. दुसऱ्या महिन्यात वहीत इतके प्रश्न साचले की बहुतेक प्रश्न एकदाही परत विचारले गेले नाहीत. हिशेब साधा आहे. तासाला पाच प्रश्न, आठवड्याला चार तास, म्हणजे आठवड्यात वीस प्रश्न विचारायला जागा आहे. एक प्रश्न चार वेळा परत यायला हवा असेल, तर दर आठवड्याला पाचच नवे प्रश्न त्या जागेत मावतात. सहावा घेतला तर कुठला तरी जुना बाहेर पडतो.

त्यामुळे निवड करावीच लागते, आणि ती करताना एकच गोष्ट विचारावी: पुढच्या धड्यांना कशाचा आधार लागणार आहे? एखाद्या शास्त्रज्ञाचं जन्मवर्ष विसरलं तर पुढचं काही अडत नाही. घनता म्हणजे काय हे विसरलं तर पदार्थ पाण्यावर का तरंगतो, हे कळत नाही. प्रश्न मिनिटभरात लिहून होईल असा हवा, पण केवळ व्याख्येचा नको. ‘घनतेची व्याख्या लिहा’ याच्या जोडीला ‘सारख्याच आकाराचे दोन ठोकळे, एक तरंगतो, एक बुडतो, का?’ असाही प्रश्न असू द्यावा. फक्त तपशील विचारत गेलं तर मुलं फक्त तपशीलच आठवायला शिकतात.

कधी विचारायचं

पाच प्रश्नांचा प्रत्येक गठ्ठा शिकवल्यानंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि नवव्या आठवड्यात परत येतो. म्हणजे कुठल्याही आठवड्यात चार गठ्ठे चालू असतात: मागच्या आठवड्याचा, दोन आठवड्यांपूर्वीचा, चार आठवड्यांपूर्वीचा आणि नऊ आठवड्यांपूर्वीचा. रोज प्रत्येक गठ्ठ्यातून एक प्रश्न घ्यायचा, म्हणजे चार झाले. पाचवा प्रश्न आज एका गठ्ठ्यातला, उद्या दुसऱ्यातला. चार तासांत चारही गठ्ठे पूर्ण विचारून होतात.

हे आठवडे आकाशातून पडलेले नाहीत, पण दगडावर कोरलेलेही नाहीत. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की दोन अभ्यासांमध्ये किती अंतर ठेवावं हे ती गोष्ट किती दिवसांनी लागणार आहे यावर अवलंबून असतं. आठवड्याने लागणार असेल तर एका दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं ठरलं, ३५ दिवसांनी लागणार असेल तर सुमारे ११ दिवसांचं, आणि वर्षभराने लागणार असेल तर तीन आठवड्यांच्या आसपासचं. वर्गात आपल्याला दोन्ही हवं असतं, पुढच्या महिन्याची चाचणी आणि वर्षअखेरची परीक्षा, म्हणून अंतर लहानापासून मोठं होत जाणारं ठेवलं. वाढतं अंतर हे सारख्या अंतरापेक्षा खात्रीने चांगलं, असं मात्र संशोधनातून ठरलेलं नाही. तेव्हा सुट्टी आली, सहल आली, एखादा आठवडा चुकला, तर जीव टाकू नये. गठ्ठा आठवडाभर पुढे सरकवावा, इतकंच.

एक अडचण सत्र सुरू होतानाच येते. पहिल्या आठवड्यात परत विचारायला काहीच नसतं आणि चारही गठ्ठे चालू व्हायला दहावा आठवडा उजाडतो. मधल्या रिकाम्या जागा मागच्या इयत्तेतल्या प्रश्नांनी भराव्यात. मुलं काय घेऊन आली आहेत आणि काय वाटेत सांडलं आहे, ते आपोआप कळतं.

दहा मिनिटांत काय होतं

मुलं वर्गात येण्याआधी प्रश्न फळ्यावर हवेत. प्रश्न लिहिता लिहिता दोन मिनिटं गेली तर सगळं कोलमडतं. पहिली पाच मिनिटं वह्या-पुस्तकं बंद, बोलणं बंद, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. ‘प्रत्येकाने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तोंडी प्रश्न विचारून हात वर करायला लावले तर ज्याला विचारलं तो एकटा आठवायचा प्रयत्न करतो. बाकीचे उत्तराची वाट बघतात. लिहायचं असेल तर चाळीसही मुलांना स्वतःच्या डोक्यात शोधावं लागतं.

या पाच मिनिटांत शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं. हे अवघड जातं. मूल अडलं की आपण पहिलं अक्षर सांगतो, ‘अरे, परवाच तर बघितलं, नदीचं उदाहरण’ असा धागा देतो. त्याने उत्तर येतं, पण ते शोधण्याचं काम आपण करून दिलेलं असतं. नाही आठवलं तर जागा कोरी सोडून पुढे जायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. लिहिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे मात्र एक खूण करायला लावावी: खात्री असेल तर ठिपका, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह.

पुढची चार मिनिटं उत्तरांची. एकेक उत्तर सांगायचं, मुलांनी वेगळ्या शाईने स्वतःचं तपासायचं, आणि चुकलं असेल तिथे नुसती फुली न मारता बरोबर उत्तर पूर्ण लिहायचं. आठवण्याचा प्रयत्न झाल्यावर लगेच खरं उत्तर समोर आलं नाही तर चूकच पक्की व्हायचा धोका असतो. ठिपक्याची खूण इथे उपयोगी पडते. खात्रीने लिहिलेलं उत्तर चुकीचं निघालं की माणूस दचकतो आणि दुरुस्ती जास्त चांगली लक्षात ठेवतो, असं बटरफील्ड आणि मेटकाफ यांना २००१ मध्ये आढळलं होतं. म्हणून ‘ठिपका आणि तरी चूक’ असलेल्या प्रश्नावर अर्धं मिनिट जास्त द्यावं.

शेवटच्या मिनिटात प्रत्येक प्रश्नाला बरोबर असलेल्यांचे हात मोजायचे आणि आकडा वहीत टाकायचा. कागद मुलांकडेच राहतात. गोळा करायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत, घरी कळवायचं नाही. गुण आले की मुलं शेजारी बघू लागतात, हात खोटे वर होतात, आणि वहीतले आकडे निरुपयोगी होतात.

सरमिसळ: शेकडेवारीचं उदाहरण

न बघता आठवणं आणि अंतर ठेवून परत विचारणं या दोन पद्धती झाल्या; प्रकार मिसळून सराव करण्याची तिसरी पद्धत सर्वांत कमी वापरली जाते आणि गणितात तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. नेहमीच्या स्वाध्यायात एका प्रकारची दहा गणितं ओळीने असतात. पहिलं सोडवताना मूल विचार करतं, उरलेली नऊ सोडवताना फक्त आकडे बदलतं. कोणती रीत वापरायची हा प्रश्नच त्याला पडत नाही, कारण धड्याच्या शीर्षकातच उत्तर दिलेलं असतं. परीक्षेत शीर्षक नसतं.

रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एकेका आकृतीची गणितं सलग सोडवणाऱ्यांनी सरावात ८९ टक्के बरोबर आणली, मिसळून सोडवणाऱ्यांनी ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ टक्के टिकले. पुढे २०२० मध्ये रोररच्याच गटाने सातवीच्या ५४ वर्गांवर काही महिने मिसळलेला गृहपाठ वापरून पाहिला; महिनाभरानंतर न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळवाल्यांना ६१ टक्के आणि सलगवाल्यांना ३८ टक्के मिळाले.

आता वहीतला एक गठ्ठा घेऊ. समजा सहाव्या आठवड्यात शेकडेवारी शिकवली आणि वर्गात ४० मुलं आहेत. निवडलेले पाच प्रश्न असे:

क) २४० चे १५ टक्के किती?
ख) ३६ हे २४० च्या किती टक्के आहेत?
ग) एका संख्येचे १५ टक्के ३६ होतात, ती संख्या कोणती?
घ) २४० चे ३०० झाले, शेकडा वाढ किती?
ङ) ३०० चे २४० झाले, शेकडा घट किती?

आकडे मुद्दाम तेच ते ठेवले आहेत. क, ख आणि ग मध्ये १५, ३६ आणि २४० याच तीन संख्या आहेत, फक्त हरवलेली संख्या बदलते. आकडे बघून रीत ओळखता येत नाही, वाक्य वाचावं लागतं. घ आणि ङ मध्ये फरक ६० चाच आहे, पण उत्तरं २५ टक्के आणि २० टक्के अशी वेगळी येतात, कारण ज्याच्याशी तुलना करायची ती संख्या बदलली.

शिकवत असताना, म्हणजे सहाव्या आठवड्यात, प्रत्येक प्रकारची दोन-तीन उदाहरणं सलगच सोडवून घ्यावीत. रीत हातात बसायच्या आधी मिसळ केली तर मूल ओळखणं आणि सोडवणं या दोन्हींत एकदम अडकतं. त्याच आठवड्याच्या शेवटच्या गृहपाठापासून मात्र मिसळ सुरू: या पाच प्रकारांची आठ गणितं, एकाच प्रकारची दोन कधीही शेजारी येणार नाहीत अशी. त्यातल्या पहिल्या चारांत उत्तर काढायचंच नाही, फक्त ‘कशाच्या तुलनेत’ ती आधार संख्या अधोरेखित करायची. ओळखण्याचा सराव वेगळा काढला की चूक कुठे आहे ते दिसतं.

सातव्या आठवड्यात ङ विचारला आणि ४० पैकी १४ जणांचं बरोबर आलं असं धरू. नुसत्या आकड्यापेक्षा चुकीचं उत्तर काय आलं ते विचारावं. बहुतेकांचं २५ आलं असेल, तर भागाकार येतो, आधार संख्या चुकते. त्यांनी ६० ला ३०० ऐवजी २४० ने भागलं. यावर शेकडेवारी पुन्हा शिकवायची गरज नाही. ‘घट कशातून झाली?’ हा एक प्रश्न पुरतो.

आठव्या आठवड्यात तोच प्रश्न, पण आकडे बदलून: ४०० चे ३०० झाले, शेकडा घट किती? उत्तर २५. मागच्या वेळी २५ चूक होतं, या वेळी बरोबर आहे, त्यामुळे ‘घट म्हणजे २०’ असं पाठ केलेलं मूल लगेच कळतं. दहाव्या आठवड्यात शब्दांत: टाकीतलं पाणी ५०० लिटरवरून ३५० लिटर झालं, शेकडा किती घटलं? उत्तर ३०. पंधराव्या आठवड्यात थोडं वळण देऊन: एक संख्या २५ टक्क्यांनी वाढवली आणि आलेली संख्या २० टक्क्यांनी कमी केली, तर मूळ संख्येच्या तुलनेत काय झालं? काहीच बदल झाला नाही, हे उत्तर ज्याला आधार संख्या समजली आहे त्यालाच पटतं.

सरमिसळ कशाची करायची याबद्दल मात्र गैरसमज फार आहे. इतिहासाचा एक प्रश्न, भूगोलाचा एक आणि व्याकरणाचा एक असं कडबोळं केलं म्हणजे ही पद्धत झाली असं नव्हे. ज्या गोष्टींची एकमेकींशी गल्लत होते त्या शेजारी ठेवायच्या: क्षेत्रफळ आणि परिमिती, वस्तुमान आणि वजन, उपमा आणि उत्प्रेक्षा. गल्लतच होत नसेल तिथे मिसळून फारसं काही हाती लागत नाही. भाषेत किंवा इतिहासात मोठा धडा असेल तर त्यापेक्षा कोरा कागद बरा: एखाद्या तासाला पाच प्रश्नांऐवजी चार आठवड्यांपूर्वीच्या धड्याचं फक्त नाव द्यायचं, पाच मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या शाईने भरायचं.

आकडे काय सांगतात, आणि बिघडतं कुठे

वहीतले चार चौकोन आडवे वाचावेत. पहिल्या वेळी कमी, पुढे वाढत जाऊन नवव्या आठवड्यात ४० पैकी तिसाच्या वर, असं असेल तर घडी बसली. १४, २३, २७, ३१ अशी रांग मला पहिल्याच वेळी ३८ आलेल्या प्रश्नापेक्षा जास्त आवडते, कारण ३८ चा अर्थ बहुधा प्रश्न फार सोपा होता. असा प्रश्न मधल्या दोन फेऱ्या गाळून थेट नवव्या आठवड्यात विचारावा आणि ती जागा अडलेल्या प्रश्नाला द्यावी.

पहिल्या दोन फेऱ्यांत भरपूर आणि चौथ्या आठवड्यात एकदम घसरण, असं दिसलं तर संशय प्रश्नावर घ्यावा. शब्द न शब्द तोच प्रश्न परत आला असणार, मुलांनी उत्तर पाठ केलं, रीत नाही. प्रत्येक फेरीत आकडे किंवा वाक्यरचना बदलायची ती यासाठीच. रोज सकाळी नवे आकडे शोधत बसायचा कंटाळा येतो, तेव्हा प्रश्न वहीत लिहितानाच त्याची चार रूपं लिहून टाकावीत.

पहिल्या दोन्ही फेऱ्यांत निम्म्याहून कमी मुलांचं बरोबर येत असेल, तर तो उजळणीचा प्रश्नच नाही. जे मुळात समजलं नाही ते आठवून काढता येत नाही, आणि दर आठवड्याला तेच विचारून मुलांना फक्त आपल्याला येत नाही याची उजळणी होते. तो भाग वेगळ्या उदाहरणाने पुन्हा शिकवावा आणि प्रश्न पहिल्या चौकोनापासून परत सुरू करावा.

आदल्या दिवशी ‘उद्या हे पाच येणार’ असं सांगायचा मोह टाळावा. सांगितलं की मुलं रात्री वाचून येतात, सकाळी सगळे हात वर होतात, आणि आपण चार आठवड्यांपूर्वीचं नव्हे, काल रात्रीचं तपासत असतो. गैरहजर मुलांसाठी काही वेगळं करू नये. प्रश्न पुन्हा येणारच आहे, ती या आखणीची सोय आहे.

चौथा चौकोन भरला की प्रश्न निवृत्त. वर्षाच्या शेवटी त्या वहीतून शेवटच्या फेरीत सर्वांत कमी आकडे आलेले वीस-पंचवीस प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांना द्यावेत. त्यांच्याही पहिल्या काही आठवड्यांत जागा रिकाम्या असतील.